पाच चुकांची शिक्षा कुणाला?

परीक्षेचा फॉर्म असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज, पासवर्ड पाच वेळा चुकला की खाते चोवीस तास बंद, हा नियम पुष्कळांना कडक आणि म्हणूनच चांगला वाटतो. मला तो अन्यायाचा वाटतो. दहिवडीहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला एस.टी.ने येऊन शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत बसलेल्या विद्यार्थ्याची त्यात मुदतच हुकते. शिवाय आपला क्रमांक ठाऊक असलेला कोणीही खोडसाळ मित्र पाच खोटे पासवर्ड टाकून आपले खाते बंद पाडू शकतो. त्याला आत शिरायचेही नसते!

मर्यादा मात्र हवीच. आपल्यापैकी कित्येकजण जन्मतारीखच पासवर्ड म्हणून ठेवतात. अठरा ते बावीस वयाच्या मुलांच्या जन्मतारखा एकूण १८२६च्या आसपास. सेकंदाला पाच तारखा ताडून पाहणारा साधा प्रोग्रॅम त्या सहा मिनिटांत संपवतो.

यावर उपाय कुलपाचा नसून विलंबाचा आहे. पहिल्या पाच चुका माफ. पुढे अर्धा मिनिट थांबा, मग एक, दोन, चार, आठ आणि शेवटी प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे. सातव्या प्रयत्नात पासवर्ड आठवणाऱ्याचा दीड मिनिट जातो. तारखा ताडणाऱ्याला दिवसाला सुमारे शंभर प्रयत्न मिळतात, म्हणजे सगळ्या तारखांना जवळजवळ एकोणीस दिवस. तोवर खातेदाराला एस.एम.एस. जाऊन त्याने पासवर्ड बदललेला असेल. एकच चुकीचा पासवर्ड पुन्हा टाकल्यास ती नवी चूक धरू नये, कारण तोच तोच शब्द हट्टाने टाइप करतो तो बहुधा खरा मालकच.

तरीही खोडसाळ मित्र उरतोच. तो सतत चुका करून मालकालाही ताटकळत ठेवील. म्हणून ज्या मोबाइलवरून वा ब्राउझरमधून पूर्वी यशस्वी लॉगिन झाले आहे, त्यावर ओळखीची खूण ठेवावी आणि त्याच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. कॅफेतल्या परक्या संगणकावर ही खूण नसते. तिथे मोबाइलवर येणारा कोड हाच मार्ग उरतो.

चुका खात्याऐवजी इंटरनेटच्या पत्त्यावरून मोजाव्यात, असे काही सुचवतात. पण कॉलेजच्या संगणककक्षातील चाळीस मुले बाहेर बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. दहाजण चुकले की सारा वर्ग अडकायचा. उलट हल्लेखोराला पत्ते हवे तेवढे मिळतात. २०१९ साली लक्ष्मण मुथय्या या भारतीय संशोधकाने इन्स्टाग्रामच्या सहा अंकी कोडवर हे दाखवून दिले. एका पत्त्याला सुमारे दोनशे प्रयत्नांची मर्यादा होती. त्याने हजार पत्त्यांवरून दोन लाख प्रयत्न पाठवले. एकूण शक्यता दहा लाख, तेव्हा पाच हजार पत्ते पुरले असते. फेसबुकने त्याला तीस हजार डॉलर बक्षीस दिले.

पत्त्याची मोजणी अगदीच निरुपयोगी नाही. एकच पासवर्ड घेऊन शेकडो क्रमांकांवर फिरणारा चोर प्रत्येक खात्यावर एकदाच चुकतो, तो खात्याच्या मोजणीत सापडत नाही. त्याच्यासाठी पत्त्याची मर्यादा असावी. फक्त ती एका वर्गाला पुरून उरेल एवढी सैल असावी.