बायोडेटात पगाराचा आकडा कशाला?

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच बायोडेटांच्या तळाशी तीन ओळी हमखास दिसतात : सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या नमुन्यात त्या असतात, म्हणून त्या तशाच पुढे येतात. यातली शेवटची ओळ ठेवावी. पहिल्या दोन काढलेल्याच बऱ्या.

समजा, जळगाव एमआयडीसीतला एक डिप्लोमाधारक तरुण चाकणच्या कंपनीत अर्ज करतो आहे. त्याच्या हातात महिन्याला २२ हजार येतात, म्हणून 'सध्याचा पगार २२ हजार' असे तो लिहितो. पण त्याच्या पगारपत्रकावर एकूण २४ हजार आहेत. त्यातून १,८०० रुपये पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. शिवाय १५ हजार मूळ पगारावर मालकाचा पीएफही १,८०० आणि ग्रॅच्युइटीपोटी साधारण ७२० रुपये धरले जातात. म्हणजे त्याचा सीटीसी महिन्याला २६,५२० रुपये, वर्षाला जवळपास ३ लाख १८ हजार होतो.

चाकणचा एचआर मात्र २२ हजारांनाच सीटीसी समजतो. वर्षाचे २ लाख ६४ हजार, त्यावर २० टक्के वाढ, की झाले ३ लाख १७ हजार. ऑफर लेटरवर वाढ दिसते. प्रत्यक्षात तरुण होता तिथेच राहतो, वर पुण्याचे खोलीभाडे खिशातून जाते.

अपेक्षित पगाराचेही तसेच. काम नेमके काय, शिफ्ट किती, बस-कॅन्टीन आहे की नाही, हे कळण्याआधीच आकडा लिहून उमेदवार स्वतःला बांधून घेतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही, त्यामुळे प्रश्न येणारच.

जाहिरातीत 'अपेक्षित पगारासह अर्ज करा' असे असेल तर टाळाटाळ करू नये, नाहीतर अर्ज बाजूला पडतो. छोट्या कारखान्याच्या मालकालाही चार मुलाखती वाया घालवायच्या नसतात, हे रास्तच आहे. पण उत्तर ईमेलमध्ये किंवा पोर्टलच्या रकान्यात द्यावे आणि आकड्यापुढे 'हातात' की 'सीटीसी' हे लिहावे. बायोडेटा कन्सल्टंटकडून दहा ठिकाणी फिरतो आणि त्यावरचा आकडा वर्षभराने जुना होतो. फुगवून सांगणे मात्र महागात पडते, कारण पुढे तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या जातात.

नोटीस पिरियडचे वेगळे. महिनाभराची नोटीस असेल तर ती ओळ उमेदवाराच्या फायद्याचीच. साठ-नव्वद दिवसांच्या नोटिशीवाल्यांपेक्षा तो आधी रुजू होऊ शकतो. फक्त मुदत आठवणीवर न लिहिता नेमणूकपत्रात पाहून लिहावी. राजीनामा दिलेला असेल तर 'तीस दिवस' न लिहिता कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीखच टाकावी.