दीड टक्का म्हणजे नेमके किती?

आपल्या चळवळीतले अनेक तरुण आता पगारदार झाले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची म्युच्युअल फंडात दोन-तीन हजारांची एसआयपीही चालू आहे. पण फंड कोणता आणि त्याचा खर्च किती, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "ओळखीच्या माणसाने काढून दिला, दीड-पावणेदोन टक्के घेतात, त्यात काय एवढे?" या 'त्यात काय एवढे'लाच माझा आक्षेप आहे.

पहिली गफलत अशी की, हा खर्च नफ्यातून घेतला जातो असे लोक धरून चालतात. तो तुमच्या जमा असलेल्या पूर्ण रकमेवर दरवर्षी आकारला जातो. बाजार पडला, तुमचे एक लाखाचे नव्वद हजार झाले, तरी तो कापला जातोच. त्याचे बिल येत नाही. वर्षाच्या खर्चाचा तुकडा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर एनएव्ही जाहीर होते. हातातून पैसे जाताना दिसत नाहीत म्हणून कुणी भांडत नाही.

आता हिशोब करू. एक लाख रुपये वीस वर्षांसाठी ठेवले आणि खर्च धरण्यापूर्वी बाजाराने वर्षाला 11 टक्के दिले असे माना (हे फक्त गृहीत आहे, हमी नव्हे). खर्च शून्य असता तर सुमारे 8 लाख 6 हजार झाले असते. 0.2 टक्के खर्चाच्या इंडेक्स फंडात सुमारे 7 लाख 78 हजार होतात. 1.7 टक्के खर्चाच्या सक्रिय फंडात, म्हणजे जिथे व्यवस्थापक शेअर निवडतो तिथे, सुमारे 5 लाख 92 हजार. फरक 1 लाख 86 हजारांचा, म्हणजे मूळ ठेवीपेक्षाही जास्त. जोखीम सगळी तुमची होती, पण वाढीतला जवळपास तीस टक्के वाटा दुसऱ्याने नेला.

यावर युक्तिवाद येतो की तज्ज्ञ माणूस बाजाराला हरवतो, म्हणून त्याची फी रास्त आहे. विल्यम शार्प या अर्थतज्ज्ञाने 1991 मध्येच याचे साधे गणित मांडले होते. सगळे गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. इंडेक्सवाल्यांना बाजाराइतकेच मिळते, म्हणजे उरलेल्या सक्रिय मंडळींची सरासरीही, खर्च धरण्यापूर्वी, बाजाराइतकीच येणार. खर्च वजा केला की ती खालीच जाणार. काही फंड नक्की जिंकतात, पण पुढची वीस वर्षे कोणता जिंकेल हे आज सांगता येत नाही. लार्ज कॅप फंडाला तर सेबीच्या नियमाने किमान 80 टक्के पैसा बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवावा लागतो. निफ्टी 50 मधल्या कंपन्याही बहुतेक त्याच. मग एवढी जास्त फी कशाची?

आकडा वाचताना मात्र सावध राहा. जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेत दोन प्लॅन असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन धरलेले असते, डायरेक्टमध्ये नसते. इंडेक्स फंडाचाही रेग्युलर प्लॅन मिळतो, तेव्हा नुसते 'इंडेक्स' नाव पाहून भुलू नका. डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसते म्हणून तो महाग, हाही गैरसमज आहे. खर्च कमी कापला जातो म्हणूनच ती जास्त असते. आणि जाहीर होणारा परतावा खर्च वजा करूनच दिलेला असतो, त्यातून पुन्हा वजाबाकी करायची नाही. दर सहा महिन्यांनी येणारे एकत्रित खातेपत्रक उघडा. वितरकाला तुमच्या गुंतवणुकीवर किती रुपये मिळाले ते त्यात टक्क्यांत नाही, रुपयांत लिहिलेले असते. कमिशन घेणे हा गुन्हा नाही. कागदपत्रे करून देणारा, पडत्या बाजारात धीर देणारा माणूस काही काम करतोच. ते काम त्या रुपयांच्या तोलाचे आहे का, हे तुम्ही ठरवा.

दोन इंडेक्स फंडांत निवड करताना फक्त सर्वात कमी खर्चाचा आकडा पुरेसा नाही. फंडाचा परतावा त्याच्या निर्देशांकाच्या लाभांशासह परताव्यापेक्षा, म्हणजे टीआरआयपेक्षा, किती मागे आहे ते पाहा. हे अंतर खर्चाच्या आकड्यापेक्षा बरेच मोठे असेल, तर फंड निर्देशांकाची नक्कल नीट करत नाही. बाजार पडला की इंडेक्स फंडही तेवढाच पडतो, म्हणून तीन वर्षांनी बहिणीच्या शिक्षणाला लागणारा पैसा इथे ठेवू नका.

हे वाचून उद्याच सगळे काढून घेऊ नका. त्याच योजनेत रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हीसुद्धा कायद्याने विक्रीच असते. शेअर फंडात एका वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. त्यानंतर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. शिवाय एक्झिट लोड असू शकतो. म्हणून आधी जुनी एसआयपी थांबवून नवी डायरेक्टमध्ये सुरू करा, आणि जुने युनिट वर्ष उलटल्यावर, कर बसणार नाही अशा बेताने, टप्प्याटप्प्याने हलवा.