‘ग’ आणि ‘म’ यांमधला अंगठा

तीर्थस्वरूप काकूंस,


‘बोटे आता वळत नाहीत, ह्यांची पेटी कोणाला तरी देऊन टाकावी म्हणते,’ असे तुम्ही लिहिले आहे. पेटी देण्यापूर्वी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ‘सारेगम’ वाजवताना तुम्ही दर वेळी एकाच जागी अडता : ‘ग’ झाल्यावर आणि ‘म’ येण्यापूर्वी. बोटेच वळेनाशी झाली असती, तर चूक कोठेही झाली असती.

पांढरी एकच्या पट्टीत ‘सा’ अंगठ्याने, ‘रे’ तर्जनीने आणि ‘ग’ मधल्या बोटाने वाजतो. ‘म’साठी अंगठा बोटांखालून पुढे न्यावा लागतो. तुम्ही ‘ग’ वाजल्यावर अंगठा हलवता. तोवर सूर तुटतो आणि घाईने कोपर बाहेर उचलले जाते. अंगठ्याने आधीच निघायला हवे. तर्जनी ‘रे’वर आली की त्याने ‘सा’ सोडून तळहाताखाली सरकू लागावे; ‘ग’ वाजेल तेव्हा तो ‘म’वर पोचलेला असावा.

म्हणून सध्या पूर्ण अलंकार बाजूला ठेवून केवळ ‘रेगम’ घ्यावे. अंगठा ‘सा’वर नुसता टेकवावा. प्रथम भाता न हलवता, आवाजाविना, पाच वेळा बोटे फिरवावीत. मग भाता देऊन पाच वेळा वाजवावे. एकेक सूर दोन सेकंद धरावा आणि ‘म’ दाबला जाईपर्यंत ‘ग’ सोडू नये. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाजवू नये. थकलेला अंगठा आखडतो आणि कोपर पुन्हा उचलले जाते.

सूनबाईंना तुमच्याकडे पाठ करून बसायला सांगावे. हाताकडे न पाहता, ‘ग’ आणि ‘म’ यांमध्ये खंड पडला का, एवढेच त्यांनी ऐकावे. पाचांपैकी किती वेळा सूर अखंड आला, तो आकडा वहीत लिहावा. सलग तीन दिवस चार किंवा अधिक आला, तर मागे ‘सा’ जोडावा. तीनहून कमी आला, तर दुसऱ्या दिवशी केवळ आवाजाविना सराव करावा.

सकाळी उठल्याउठल्या बोटे ताठ असतात, तेव्हा पेटी उघडू नये. स्नानानंतर बसावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी थांबावे. त्रास पुन्हा होऊ लागला तर डॉक्टरांना हात दाखवावा. तिथे सराव हा उपाय नव्हे.

पुढच्या गुरुवारी येईन. अलंकार वाजवून दाखवू नका. वहीतले आकडे तेवढे दाखवा. पेटीचे काय करायचे, ते त्यानंतर ठरवू.

आपला,
पेटीमास्तर