मोकळ्या जागेची किंमत

गेल्या मे महिन्यात चार दिवस धाकट्या भावाकडे गेलो होतो. तालुक्याचे गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला चहा संपायच्या आत, तिथल्या शिक्षण संस्थेचे सेक्रेटरी दारात उभे. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चौदा पाने. ‘साहेब, तुम्ही बँकेत होतात, कादंबऱ्याही लिहिता. हे जरा नजरेखालून घाला. भाषा वगैरे बघा.’ निवृत्त अधिकारी आणि लेखक या दोन्ही जमातींकडे रिकामा वेळ भरपूर असतो, असा आपल्याकडे समज आहे. मी तर दोन्ही. सुटका नव्हती.

ती चौदा पाने म्हणजे शाळेसाठी संगणकप्रणाली घेण्याकरता विक्रेत्यांना पाठवायचे निमंत्रण. बँकेत आम्ही त्याला सरळ टेंडर म्हणायचो. संगणकवाले त्याला आरएफपी म्हणतात. आम्हाला काय हवे आहे ते यात लिहायचे, आणि तुम्ही ते कसे आणि केवढ्याला द्याल असे विचारायचे. संस्थेच्या तीन शाळा: मराठी माध्यमाची प्राथमिक, अनुदानित माध्यमिक आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची. मिळून २,१४० मुले. प्रवेश, हजेरी, फी, निकाल, दाखले सगळे एका प्रणालीत आणायचे होते.

या घाईमागे एक दुखणे होते. सहा वर्षांपूर्वी संस्थेने अशीच एक प्रणाली घेतली होती. तीन विक्रेते येऊन पडद्यावर रंगीत आलेख दाखवून गेले, त्यातला सर्वांत स्वस्त निवडला. दोन वर्षांत त्या विक्रेत्याने धंदाच बंद केला. जाताना त्याने माहितीची एक फाइल दिली, पण मराठी मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, त्याच्या स्वतःच्या फाँटमध्ये होता. फाइल उघडली तर मुलांच्या नावांऐवजी अगम्य चिन्हे. हेडक्लार्क बाई आणि दोन शिक्षक, तिघांनी दिवाळीची सुटी ती नावे जनरल रजिस्टरवरून पुन्हा टाइप करण्यात घालवली. त्या घाईत एका मुलाच्या जन्मतारखेत जानेवारीचा नोव्हेंबर झाला आणि तोच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापला गेला. वडील खिडकीशी येऊन उभे राहिले तेव्हा कळले. हाताने लिहिलेले जुने रजिस्टर बरोबर होते म्हणून निभावले.

तर, चौदा पाने वाचली. भाषा उत्तम होती. जरा जास्तच उत्तम. ‘बावन्न मोड्यूल असावेत’, ‘मुख्य पडद्यावर डाव्या बाजूस मेनू असावा’, ‘विक्रेत्याने राज्यात किमान १०० शाळांत काम केलेले असावे’, ‘कार्यालय ५० किलोमीटरच्या आत असावे’. मी विचारले, ‘हे कोणी लिहिले?’ सेक्रेटरी निरागसपणे म्हणाले, ‘एका कंपनीचा मुलगा फार चांगला आहे हो. त्यानेच नमुना दिला. आम्हाला कुठे यातले कळते!’

या गृहस्थांनी कुणाचा पैसा खाल्लेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्या नमुन्यातला माप घेतलेला सदरा एकाच अंगाला बसणार होता. यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. प्रत्येक अटीपुढे ‘का?’ असे लिहायचे आणि उत्तर आपल्या शाळेतून यायला हवे. बावन्न मोड्यूल का? उत्तर नाही, खोडले. शंभर शाळा का? कारण अनुभव हवा. मग अनुभवच मागा: हजाराहून अधिक मुले असलेल्या तीन शाळांत प्रणाली दोन पूर्ण शैक्षणिक वर्षे चाललेली असावी आणि तिथल्या क्लार्कशी आम्हाला फोनवर बोलता यावे. पन्नास किलोमीटर का? कारण बंद पडले तर माणूस लवकर यावा. मग तेच लिहा: प्रवेशाच्या आणि निकालाच्या दिवसांत तक्रारीनंतर चार तासांत काम सुरू झाले पाहिजे. तो शेजारून येतो की पुण्यातून दुरुस्त करतो, हा त्याचा प्रश्न.

पण जे चुकीचे लिहिलेले असते ते दिसते तरी. जे लिहिलेलेच नसते त्याचे काय? माझ्या बँकेतल्या दिवसांतली गोष्ट सांगतो. शाखांमध्ये संगणक नुकते येत होते तेव्हाची. आमच्या कार्यालयाने यूपीएससाठी दर मागवले आणि बॅटऱ्यांचा उल्लेख करायचा राहिला. दोघांनी बॅटऱ्यांसकट दर दिला, एकाने बॅटऱ्यांशिवाय. नियमाप्रमाणे ऑर्डर सर्वांत कमी दराला. यूपीएस आले, बॅटऱ्यांचे बिल मागाहून आले आणि बेरीज पहिल्या दोघांच्या वर गेली. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. निमंत्रणात आपण जिथे गप्प बसतो ती मोकळी जागा प्रामाणिक विक्रेता स्वतःच्या किमतीत धरतो आणि म्हणून महाग दिसतो. हुशार विक्रेता ती सोडून देतो आणि मागाहून वसूल करतो. समान संधी म्हणजे सर्वांना एकच कागद देणे नव्हे. त्या कागदात अंदाज बांधायची जागा न ठेवणे.

आमच्या चौदा पानांतली सर्वांत मोठी मोकळी जागा तीन शब्दांची होती: ‘जुनी माहिती भरावी’. किती जुनी? कुठून? मी हेडक्लार्क बाईंना विचारले. त्या कपाट उघडून म्हणाल्या, ‘सर, एक्केचाळीस रजिस्टरे आहेत. सगळी?’ सगळी अर्थातच नको होती. आज शिकणारी मुले आणि गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेली एवढीच हवी होती. बाईंनी दोन दिवस बसून मोजले: सुमारे ४,२०० नोंदी. त्यातल्या निम्म्या एक्सेलमध्ये, निम्म्या हाताने लिहिलेल्या. हे आकडे निमंत्रणात गेले, सोबत नावे झाकलेली रजिस्टरची दोन नमुना पाने गेली. त्या दोन दिवसांच्या मोजणीने विक्रेत्यांना जेवढे समान केले तेवढे कुठल्याही कलमाने केले नसेल.

दुसरी मोकळी जागा किमतीच्या रकान्यात होती. ‘एकूण किंमत’ एवढेच विचारले होते. आधी तोंडी आलेले दर असे: एकाचे साठ रुपये दर मुलामागे दर वर्षी, म्हणजे १,२८,४००. दुसऱ्याचे १,८०,००० एकरकमी. तिसऱ्याचे ४,१०,०००. तिसरा जवळजवळ बाद झालाच होता. आम्ही दरपत्रक स्वतः आखले आणि सर्वांना तेच दिले. पाच वर्षांचा हिशेब, रकाने ठरलेले: परवाना, वार्षिक देखभाल, लागणारी यंत्रे, ४,२०० नोंदी भरणे, प्रशिक्षण आणि वर्षाला दोन याप्रमाणे दहा नवे तक्ते. रकाना कोरा ठेवल्यास ते काम फुकट धरले जाईल, अशी तळटीप. जीएसटी सर्वांचा वेगळा.

आता चित्र बदलले. दुसऱ्याच्या १,८०,००० मध्ये चार वर्षांच्या देखभालीचे १,४४,०००, शाळेने घ्यायच्या सर्व्हरचे १,५०,०००, नोंदींचे ६३,००० आणि तक्त्यांचे ८०,००० मिळाले: ६,१७,०००. साठ रुपयेवाल्याचे पाच वर्षांत ६,४२,००० झाले. तिसऱ्याने सर्व्हर स्वतःचा धरला होता, बाकी सगळे आत, फक्त शेवटच्या तीन वर्षांची देखभाल ५०,००० प्रमाणे वेगळी: ५,६०,०००. सर्वांत महाग दिसणारा सर्वांत स्वस्त निघाला. तो आधीपासूनच स्वस्त होता. आपण त्याला तसे दिसू देत नव्हतो.

किंमत झाली, गुणवत्तेचे काय? ‘फीची सोय आहे का?’ असे विचारले की सगळे ‘होय’ लिहितात. म्हणून आम्ही एक गोष्ट लिहिली. निदान इथे माझा दुसरा धंदा उपयोगी पडला. इंग्रजी शाळेतली दोन भावंडे. धाकटी शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांतून आलेली, तिला फी नाही. थोरल्याला संस्थेची निम्मी सवलत. वडिलांनी पहिल्या हप्त्याचा चेक दिला, पावती निघाली, चेक परत आला, मग त्यांनी रोख भरले. आता पावत्या, खाते आणि मराठीतला दाखला काढून दाखवा. प्रत्येकाला पाऊण तास, आणि कळफलकावर विक्रेत्याचा माणूस नाही, आमच्या बाई. एका प्रणालीत चेक परत येताच पहिली पावती पुसूनच टाकता आली. बँकेतला माणूस हे पाहून दचकतो. पावती पुसायची नसते, तिची उलटी नोंद करायची असते. नाहीतर उद्या खिडकीवरचे रोख पैसेही असेच पुसता येतील. कशाला किती गुण, हे आम्ही निमंत्रणातच छापले होते आणि दराची पाकिटे प्रात्यक्षिकांचे गुण मांडून झाल्यावरच उघडली. आधी दर कळला की गुण आपोआप त्या बाजूला झुकतात.

मध्ये तो ‘फार चांगला मुलगा’ सेक्रेटरींच्या घरी पेढे घेऊन गेला. काही शंका होत्या म्हणे. सेक्रेटरींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, ‘शंका लेखी दे बाबा.’ ठरलेल्या तारखेपर्यंत सर्वांच्या मिळून तेवीस शंका आल्या. विचारणाऱ्याचे नाव न लिहिता सगळी उत्तरे सगळ्यांना एकाच दिवशी गेली. एका शंकेने आमचीच चूक दाखवली: मुलांची नावे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवीत, हे आम्ही लिहिलेच नव्हते. शुद्धिपत्रक काढले आणि मुदत आठ दिवस वाढवली.

शेवटचे कलम बाईंनी सुचवले. करार संपो वा मोडो, तीस दिवसांत सर्व माहिती युनिकोडमध्ये, एक्सेलमध्ये उघडेल अशी, विनामोबदला परत. आणि नुसते लिहून भागत नाही म्हणून दर जूनमध्ये ती फाइल मागवायची आणि बाईंनी आपल्या संगणकावर उघडून पाहायची. उघडली नाही तर त्या वर्षीची देखभाल द्यायची नाही.

हे करून सगळे साधते असे नाही. तीनच विक्रेते आले. लहान गावात तिघांहून अधिक येत नाहीत, आणि त्यांनी आपसात दर ठरवले असते तर आमच्या रकान्यांना ते कळले नसते. उद्याचा विक्रेता धंदा बंद करणारच नाही, याची हमी कुठलाही कागद देत नाही. पण तसे झाले तरी बाईंच्या कपाटात त्या जूनची फाइल असेल.

काम तिसऱ्याला मिळाले. साठ रुपयेवाला निकालानंतर भेटायला आला. मला वाटले, भांडायला आला. त्याने गुणपत्रक मागितले, दहा मिनिटे वाचले आणि ‘पुढच्या वेळी चेकचे दुरुस्त करून आणतो’ म्हणून गेला.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी शाळेच्या पालक-शिक्षक संघात असेल, कुणी संस्थेच्या कार्यकारिणीवर. पुढच्या सभेत असा कागद समोर आला तर भाषा बघू नका, ती उत्तमच असेल. जुन्या नोंदी किती, पाच वर्षांची बेरीज कुठे आणि आमची माहिती परत कशी मिळणार, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तराच्या जागी मोकळी जागा दिसली, तर तिचे बिल तुमच्याच मुलांच्या फीतून जाणार आहे.