पस्तीस करू, काका म्हणाले

माझी भाची आर्किटेक्ट आहे. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तिचं छोटंसं ऑफिस आहे. जागेच्या मालकांना ती काका म्हणते, ते तिला बेटा म्हणतात, आणि संक्रांतीचा तिळगूळ दोन्हीकडून पोचतो. असा घरोबा असला की भाडेवाढीचं बोलणं पत्राने होत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. ते बोलणं तिने मला पाठवलं, कारण बँकेतली माझी सगळी वर्षं पत्रं लिहिण्यात आणि इतरांच्या पत्रांतल्या फटी शोधण्यात गेली आहेत.

ऑगस्टमधलं ते बोलणं साधारण असं. काका : "ऑक्टोबरपासून पस्तीस करू. बाजूच्या गाळ्याला तेवढेच मिळतात." भाची : "अहो काका, एकदम एवढे?" काका : "मेंटेनन्स पण वाढलाय. तुम्ही म्हणून पस्तीस, बाहेरच्याला अडतीस सांगितले असते." भाची : "बघते काका. काहीतरी करू." पुढे जोडलेले हात. काका : "निवांत. घरचंच आहे."

यात कोणी काही वावगं बोललेलं नाही. पण दीड महिन्याने काका या बोलण्याचा अर्थ "तिने हो म्हटलं" असा लावतील आणि भाची "मी तर फक्त बघते म्हटलं" असा. म्हणून पत्र लिहायचं, आणि ते ऑक्टोबर उजाडायच्या आधी.

तिने रात्रीच एक मसुदा केला होता. त्यात "अन्यायकारक", "बेकायदेशीर", "मानसिक त्रास" असे शब्द होते, आणि कुणीतरी सांगितलेला एक नियमही होता : भाडं वर्षाला चार टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. चार टक्क्यांची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये आहे हे खरं. पण ती त्या कायद्याखालच्या भाडेकरूंच्या जागांसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेल्या ऑफिसचं शुल्क दोघांनी करारात ठरवलेलं असतं. चुकीचा कायदा दाखवलेलं पत्र मालक आपल्या वकिलाकडे नेतो, वकील हसतो, आणि पत्रातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींची किंमतही तिथेच उतरते.

मी तिला करार काढायला सांगितला. तो कपाटात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, नोंदणी झाल्या दिवसापासून न उघडलेला. मुदत 36 महिने, 1 ऑक्टोबर 2023 पासून 30 सप्टेंबर 2026 पर्यंत. पहिल्या वर्षी दरमहा 28,000 रुपये आणि दर वर्षी 5 टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी 29,400 आणि ऑक्टोबर 2025 पासून तिसऱ्या वर्षाचे 30,870. सोसायटीचा मेंटेनन्स मालकाने भरायचा. लॉक-इन पहिले 12 महिने, त्यानंतर कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो.

एवढ्यावर पत्राचा सांगाडा उभा राहिला. मालक पस्तीस मागत होते आणि भाची 29,400 वरच राहायच्या विचारात होती. करारातला आकडा या दोन्हींहून वेगळा निघाला. तिला स्वतःलाच 1,470 रुपये वाढवून द्यायचे होते, हे तिच्या लक्षातच नव्हतं. अशा वेळी पत्राची सुरुवात आपल्या देण्यापासून करावी. करारातली वाढ मी वेळेवर देणार, हे पहिल्या परिच्छेदात आलं की पुढचा नकार अडेलतट्टूपणाचा वाटत नाही.

करार नोंदवलेला आहे, ही तिची भक्कम बाजू. नोंदवलेल्या दस्तातल्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या, असं सांगायला पुराव्याचा कायदा वाव देत नाही. आकडा बदलायचाच तर दोघांच्या सहीचा पुरवणी करार करून तोही नोंदवायचा. (तुमचा करार नोंदवलेलाच नसेल, तर तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. तसा करार नसला आणि अटींवर वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत जागा वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.)

कच्ची बाजू त्या नोटिशीच्या कलमात होती. लॉक-इन कधीच संपलेलं. काकांनी मनावर घेतलं तर ते एक महिन्याची नोटीस देऊन जागा मागू शकतात, आणि मग करारातला 30,870 चा आकडा कितीही बरोबर असला तरी नवीन ऑफिस शोधावं लागेल. म्हणून हे पत्र कोर्टात जिंकेल एवढंच पाहून चालणार नव्हतं. ते वाचून काकांना ही भाडेकरू ठेवावीशीही वाटायला हवी होती.

यासाठी एक हिशेब करून पाहिला, फक्त आमच्यापुरता. पस्तीस आणि 30,870 यातला फरक महिन्याला 4,130, वर्षाला 49,560. जागा दोन महिने रिकामी राहिली तर मालकाचे 61,740 बुडतात, दलाली आणि रंगरंगोटी वेगळीच. काकांना हे कळतं, म्हणूनच ते "निवांत" म्हणाले. हा हिशेब पत्रात मात्र घालायचा नाही. कागदावर तो धमकीसारखा दिसतो, आणि समोरच्याचं नुकसान त्यालाच मोजून दाखवणं वयाने मोठ्या माणसाशी शोभतही नाही. तो डोक्यात असला की हात कापत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

मग काकांच्या दोन कारणांकडे वळलो. बाजूच्या गाळ्याचा दर हा नव्या कराराचा मुद्दा आहे, चालू कराराचा नाही, त्यामुळे तो तिकडे ढकलायचा, पण आदराने. मेंटेनन्स वाढला असेल तर ती खरी झळ आहे. करारात तो मालकाकडे असला तरी तिथे थोडं सैल व्हायला जागा होती. मात्र आकडा न पाहता काही कबूल करायचं नाही. आधी बिल मागायचं.

दोन तास बसून हे पत्र झालं :

"विषय : ऑफिसचे भाडे, 1 ऑक्टोबर 2025 पासून. संदर्भ : आपला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक व दिनांक).

आदरणीय काका, स. न.

या आठवड्यात भाड्याबद्दल आपले व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे झाले. 1 ऑक्टोबरपासून दरमहा 35,000 रुपये असावेत, असे आपण सुचवले. मी विचार करते म्हटले होते. करार पुन्हा वाचून माझे उत्तर कळवत आहे.

करारानुसार तिसऱ्या वर्षासाठी 5 टक्के वाढ धरून भाडे दरमहा 30,870 रुपये होते. ही वाढ मी 1 ऑक्टोबरपासून नेहमीच्या तारखेला आपल्या बँक खात्यात भरेन. चालू कराराच्या मुदतीत यापेक्षा अधिक वाढ मला मान्य करता येणार नाही.

सोसायटीचा मेंटेनन्स वाढल्याचे आपण सांगितलेत. तो करारानुसार आपल्याकडे आहे, तरी जुने व नवे अशी दोन्ही बिले दाखवलीत तर वाढीतला काही वाटा उचलण्याबाबत मी जरूर विचार करेन. जे ठरेल ते आपण लेखी करू.

आजूबाजूच्या दरांचा आपला मुद्दा नव्या कराराच्या वेळी विचारात घेऊ. मला ही जागा पुढेही हवी आहे. चालू करार 30 सप्टेंबर 2026 ला संपतो, म्हणून नव्या अटींसाठी एप्रिलमध्ये आपल्या सोयीने भेटू या.

याबाबत आपले काही म्हणणे असल्यास 10 सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावे. अन्यथा वर लिहिल्याप्रमाणे भाडे भरत राहीन.

गेल्या पावसाळ्यात गळती आपण दोन दिवसांत दुरुस्त करून घेतलीत, ते लक्षात आहे. काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा."

भाचीने दोन जागी हरकत घेतली. "मान्य करता येणार नाही" तिला फार कडक वाटलं. "कठीण जाईल" असं लिहू या का, मामा? मी नको म्हटलं. कठीण जाईल म्हणजे थोडं कमी केलंत तर जमेल, असाच अर्थ ऐकणारा काढतो, आणि दुसऱ्या दिवशी बत्तीसचा निरोप येतो. पत्रभर मऊ राहून नकाराचं एक वाक्य सरळ ठेवायचं. दुसरी हरकत "अन्यथा" वर. तिला शेवटी "आपल्याला हे मान्य आहे का?" असं विचारायचं होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत सगळं लोंबकळतं, आणि काका उत्तर द्यायचा कंटाळा करतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. आता ते गप्प राहिले तर करार जसाच्या तसा चालू राहतो.

तिच्या मसुद्यातून बाकी बरंच गेलं. दोन क्लायंटनी पैसे थकवले आहेत, हे मालकाला कशाला सांगायचं? त्याने दया येत नाही, ही भाडं चुकवणार की काय अशी शंका मात्र येते. डिपॉझिटमधून भाडं वळतं करण्याचा उल्लेखही काढला. करारात तशी सोय नाही, आणि चांगल्या मालकालाही ते वाक्य डिवचतं.

पत्र दोन प्रतींत छापलं. ती स्वतः संध्याकाळी काकांकडे गेली, एक प्रत दिली आणि दुसरीवर तारखेसह पोच घेतली. तेच पत्र पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं, म्हणजे "बघते काका" या निरोपाच्या खालीच ते राहील. घरोबा नसता तर मी स्पीड पोस्टने पाठवायला सांगितलं असतं.

एक गोष्ट तिला दोनदा बजावली. ऑक्टोबरचे पैसे बरोबर 30,870 जायला हवेत. बँकेच्या नोंदीत "ऑक्टोबर 2025 भाडे, करारानुसार" असं लिहायचं. या एका महिन्यापुरते पस्तीस दे, पुढे बघू, असं काका म्हणाले तरी द्यायचे नाहीत. एकदा भरलेली रक्कम ही वाढ मान्य केल्याची खूण म्हणून दाखवली जाते, आणि पुढे तिच्या बाजूने बोलायला पत्राशिवाय काहीच उरत नाही. कमी भरणंही तितकंच वाईट. 29,400 गेले असते तर करार मोडणारी तीच ठरली असती.

काका पाचव्या दिवशी सोसायटीची दोन बिलं घेऊन ऑफिसात आले. मेंटेनन्स महिन्याला 900 रुपयांनी वाढला होता. पत्रावर थोडे रुसले होते, "कागद कशाला, फोन करायचास" असं म्हणाले, चहा घेतला. तिने 900 मधले 450 देऊ केले, त्यांनी 600 म्हटलं, 500 वर ठरलं. ते खाली उतरले तेव्हा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी टाकल्या : आज ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरपासून मेंटेनन्सपोटी दरमहा 500 रुपये, भाड्याहून वेगळे, सध्याच्या कराराच्या मुदतीपर्यंत, भाडे करारानुसार 30,870. काकांनी अंगठा पाठवला. एप्रिलमध्ये ते चाळीसपासून सुरुवात करतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या बैठकीला जायच्या आधी तिला आजूबाजूच्या तीन-चार गाळ्यांचे खरे, नोंदवलेले दर गोळा करावे लागतील.