पंधरा दिवसांची टपाल आणि पहिला एक तास



नोव्हेंबर 2025 मध्ये आम्ही उमऱ्यासाठी पंधरा दिवस बाहेर होतो. 4 तारखेला निघालो, 18 च्या रात्री वालूरला परतलो. 19 ला सकाळी दुकानाच्या गादीवर बसलो, तेव्हा ई-मेलच्या पेटीत न वाचलेली 342 पत्रे होती आणि गल्ल्याशेजारी कागदी टपालाचा एक गठ्ठा. मुलगा म्हणाला, "अब्बा, वरून एक-एक वाचत खाली या, दोन दिवसांत संपेल." बहुतेक दुकानांत असेच करतात. आमचे मत असे की हीच पद्धत नुकसान करते.

कारण साधे आहे. पेटीतील पत्रे आल्याच्या क्रमाने लागलेली असतात. आपल्याला क्रम हवा असतो मुदत संपण्याचा, आणि या दोन क्रमांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शिवाय मुदतीचा काटा आपण पत्र वाचले तेव्हापासून सुरू होत नाही, पत्र पोहोचले तेव्हापासून सुरू होतो. जीएसटी कायद्याच्या कलम 169 प्रमाणे नोंदणीत दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली किंवा पोर्टलवर ठेवलेली नोटीस बजावली गेली असे धरतात. "आम्ही सफरीवर होतो" हे सांगता येते, पण त्याने मुदत आपोआप वाढत नाही.

म्हणून पहिला एक तास आम्ही एकाही पत्राला उत्तर देत नाही. वहीचे एक कोरे पान घेतो आणि चार रकाने आखतो : कोणाकडून, काय, कधी आले, शेवटची तारीख कोणती. या तासात फक्त हे पान भरायचे. उत्तर देत बसले की पाचव्या पत्रातच सकाळ जाते आणि दोनशेव्या पत्रातली नोटीस तशीच पडून राहते.

पानावर पहिली ओळ पत्रांतून येत नाही, कॅलेंडरातून येते. आमचा ऑक्टोबरचा 3बी रिटर्न 20 तारखेला भरायचा होता, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. 342 पत्रांपैकी आम्हाला हे सांगणारे एकही पत्र समोर नव्हते. सल्लागार सेलूला असतात, त्यांची तयारी पूर्ण होती. पण रिटर्नवर शिक्कामोर्तब करणारा ओटीपी आमच्या मोबाईलवर येतो आणि तो मोबाईल पंधरा दिवस परदेशात होता. उशीर झाला असता तर विक्री असलेल्या रिटर्नला दररोज 50 रुपये विलंब शुल्क आणि न भरलेल्या करावर 18 टक्के व्याज. ही ओळ आधी लिहिली आणि मग पेटी उघडली.

पेटीत सर्वांत आधी बँक. बँकेची 41 पत्रे होती. ती वाचायची नसतात, फक्त रकमा पाहायच्या असतात : ही रक्कम आपण दिली का? रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवले की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवस झाले तर काही भार येतो, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. इतकी छोटी मुदत दुसऱ्या कोणत्याच पत्राला नसते, म्हणून बँक पहिली. आम्हाला 17 तारखेची 2,360 रुपयांची एक वजावट ओळखू येईना. 20 ला तिसरा दिवस संपत होता. तेव्हाच फोन केला. ते लॉकरचे वर्षाचे भाडे निघाले, 2,000 आणि त्यावर 18 टक्के कर. फोनला पाच मिनिटे लागली, पण शंका त्याच दिवशी मिटली.

याच 41 पत्रांत 7 तारखेचे एक पत्र होते : एका पार्टीचा चेक न वटता परत आला. इथे पुष्कळ व्यापारी चुकतात, कारण पार्टी ओळखीची असते आणि "भेटल्यावर बोलू" असे वाटते. चेकच्या कायद्याचे कलम 138 म्हणते की चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवायला हवी. नोटीस मिळाल्यावर पार्टीला पैसे देण्यासाठी 15 दिवस मिळतात आणि न दिल्यास पुढच्या एक महिन्यात फिर्याद करावी लागते. आम्ही ई-मेल आला तोच दिवस धरला. सुरक्षित मोजणी तीच. 7 नोव्हेंबरपासून तीस दिवस म्हणजे 7 डिसेंबर. बारा दिवस गेले होते, अठरा उरले होते. पानावर लिहिले.

दुसरा क्रम सरकारी पत्रांचा. ही पत्रे पेटीत डोळ्यांनी शोधू नयेत, ती जाहिरातींत दडतात. जीमेलच्या शोधाच्या चौकटीत हे टाकावे :

```
from:gst.gov.in after:2025/11/03 in:anywhere
```

शेवटच्या शब्दामुळे स्पॅमची पेटीही शोधली जाते. हे महत्त्वाचे आहे, कारण जीमेल स्पॅममधली पत्रे 30 दिवसांनी कायमची पुसते. आम्हाला सहा पत्रे मिळाली, त्यांतले एक स्पॅममध्ये होते. 10 तारखेचे ते पत्र एएसएमटी-10 नोटिशीची खबर देणारे होते : रिटर्नमधला फरक समजावून सांगा. अशा नोटिशीला जास्तीत जास्त 30 दिवस मिळू शकतात, पण अधिकारी त्याहून कमी देऊ शकतो. आमच्या नोटिशीत 15 दिवस होते, म्हणजे 25 नोव्हेंबर. पत्रातली लिंक मात्र दाबू नये, कारण खोट्या नोटिशीही येतात. स्वतः www.gst.gov.in टाईप करून आपल्या नावाने आत जावे आणि नोटिशींच्या यादीत ती आहे का ते पाहावे. तिथे नसेल तर आधी सल्लागाराला विचारावे.

आता पान पाहा. चेकचे पत्र 7 ला आले, त्याची मुदत 7 डिसेंबर. नोटीस तीन दिवसांनंतर आली, तिची मुदत 25 नोव्हेंबर. रिटर्नचे पत्रच नाही, त्याची मुदत उद्या. आल्याच्या क्रमाने काम केले असते तर चेक आधी, नोटीस नंतर आणि रिटर्न राहूनच गेला असता.

जवळच्या एका गावचे कापडाचे व्यापारी इथेच फसले. त्यांचे काही रिटर्न राहिले होते. ते बाहेर असताना नोंदणी का रद्द करू नये अशी नोटीस आली. तिला उत्तर देण्यासाठी कामाचे फक्त सात दिवस असतात. परत आल्यावर त्यांनी नव्यापासून जुन्याकडे वाचायला घेतले आणि गिऱ्हाईक वाढले तशी पेटी अर्ध्यावर सोडली. नोंदणी रद्द झाली. रद्द केल्याचा आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत ती पुन्हा चालू करून घेण्याचा अर्ज करता येतो आणि त्यांनी तो केला. पण मधल्या काळात त्यांना कराचे बिल फाडता येईना आणि ज्या दुकानदारांना कराची वजावट हवी होती ते दुसरीकडे गेले.

तिसरा क्रम कागदी टपालाचा. त्यातली फक्त सहीची पाकिटे आधी उघडावीत. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये मिसळले आहे, म्हणून आता स्पीड पोस्टचे पाकीट म्हणजे साधी घाई असे समजू नये, त्यात वकिलाची नोटीस असू शकते. दुकान बंद असेल तर पोस्टमनला एकदा जरूर विचारावे की काही परत गेले का.

चौथा क्रम पार्ट्यांचा. अकरा पार्ट्यांची 88 पत्रे होती. ती तारखेने वाचू नयेत, पार्टीने वाचावीत आणि प्रत्येक पार्टीचे शेवटचे पत्र आधी वाचावे. इचलकरंजीच्या एका पार्टीची नऊ पत्रे होती. पहिल्यात भाव, दुसऱ्यात कच्चे बिल, मग दोन आठवणी, आणि नवव्यात असे की तुमचा होकार आला नाही म्हणून माल दुसऱ्याला दिला, नवा लॉट 25 ला निघेल. पहिल्यापासून वाचले असते तर आम्ही गेलेल्या मालाला होकार दिला असता, कदाचित आगाऊ रक्कमही पाठवली असती. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : वाचायचे शेवटच्या पत्रापासून, मुदत मोजायची पहिल्या पत्रापासून.

याच गठ्ठ्यात एक पत्र असे होते : "आमचे बँक खाते बदलले, पुढील रक्कम नव्या खात्यात भरा." साचलेल्या टपालात असे पत्र घाईने खरे मानले जाते. अशा पत्राला पत्राने उत्तर देऊ नये, त्यातल्या नंबरवर फोनही करू नये. आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर पार्टीशी बोलावे. आमच्या पार्टीने खाते बदललेच नव्हते.

उरली 207 पत्रे : साड्यांचे नमुने, सवलती, जाहिराती. ती पुसू नयेत. एकत्र उचलून 'आर्काइव्ह'मध्ये टाकावीत, म्हणजे समोरून जातील पण शोधल्यास सापडतील.

अकरा वाजेपर्यंत पान भरले. त्यानंतर उत्तरे सुरू केली, पण शेवटच्या तारखेच्या क्रमाने. रिटर्न 20 ला गेला, नोटिशीचे उत्तर 22 ला, चेकची मागणी 24 ला स्पीड पोस्टने. पार्ट्यांची साधी उत्तरे आठवडाभर चालली आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

या पद्धतीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. जे पत्र आपल्या पेटीत आलेच नाही ते तिला सापडत नाही. आमच्याकडच्या अनेक दुकानांच्या नोंदणीत मालकाचा नव्हे, सल्लागाराचा ई-मेल आणि मोबाईल दिलेला असतो. मग नोटीस तिकडे जाते आणि आपण आपली पेटी साफ करून निश्चिंत बसतो. आमची विनंती एवढीच की पुढच्या सफरीआधी पोर्टलवर जाऊन आपल्या नावापुढे कोणाचा ई-मेल आहे ते पाहून घ्या. तो आपला नसेल तर आधी तो बदला, मग तिकीट काढा.