‘असाल’ आणि ‘असावे’

‘आय विश यू आर वेल’ हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांच्या पत्रांत आणि अर्जांत इतके रुळले आहे की ते वाचताना कोणी थबकतही नाही. थबकलाच तर एखादा शिक्षक ‘विश’वर काट मारतो, वर ‘होप’ लिहितो आणि पुढची वही उघडतो. चूक का झाली असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : मुले मराठीत विचार करतात, म्हणून. दुरुस्ती बरोबर आहे, हे निदान मात्र साफ खोटे आहे. मुले मराठीत विचार करत असती, तर हे वाक्य त्यांच्या हातून उतरलेच नसते.

एक उदाहरण कल्पू. गिरगावातला एक विद्यार्थी परळच्या रुग्णालयात असलेल्या आपल्या बाईंना पत्र लिहितो आहे. त्याच्यापुढे इंग्रजीचे तीन रस्ते आहेत. ‘आय होप यू आर वेल’ म्हणजे बाईंची प्रकृती आज कशी आहे हे त्याला ठाऊक नाही, ती चांगली असेल असा त्याचा भरवसा आहे. ‘आय विश यू वेल’ म्हणजे आज काय आहे याबद्दल तो काहीच म्हणत नाही, पुढे भले व्हावे एवढेच चिंतितो. आणि ‘आय विश यू वेअर वेल’ म्हणजे बाई बऱ्या नाहीत हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि त्याचे त्याला वाईट वाटते. पहिल्या वाक्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात सदिच्छा आहे, तिसऱ्यात खंत आहे. ‘आय विश यू आर वेल’ यांपैकी एकही सांगत नाही. ‘विश’ म्हणते, हे अजून व्हायचे आहे किंवा होणार नाही, तर ‘आर’ म्हणते, हे आहेच. आजारी माणसाच्या हाती असे वाक्य पडले, तर लिहिणाऱ्याला आपली अवस्था माहीत आहे की नाही, हेच त्याला कळणार नाही.

आता हेच मराठीत म्हणून पाहा. ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे.’ ‘आपले कुशल असावे अशी इच्छा आहे.’ ‘तुम्हांला बरे असते, तर किती चांगले झाले असते!’ तीन भाव आणि क्रियापदाची तीन निराळी रूपे. यांत ‘आपण कुशल आहात अशी इच्छा आहे’ हे चौथे वाक्य घुसवून बघा. व्याकरणाचे पुस्तक कधीही न उघडलेली लालबागची आजीसुद्धा ते ऐकून विचारील, ‘आहात म्हणतोस, मग इच्छा कसली?’ मातृभाषेचा कान शाबूत असेल, तर इंग्रजीतली चूक तिथल्या तिथे पकडता येते. आपण तो कान वापरू देत नाही. आपण मुलांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला लावतो : विश म्हणजे इच्छा, होप म्हणजे आशा. दोन्ही शब्द गोड, दोन्ही मंगल. मग एकाच्या जागी दुसरा चालेल असे मुलाला वाटले, तर दोष कोणाचा? भेद नामांमध्ये शोधला की तो पुसट दिसतो. तो राहतो क्रियापदात.

मराठी व्याकरणकारांनी ही गोष्ट फार पूर्वी नोंदवली आहे. मुंबईचे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे अर्थ आपण शाळेत घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ‘सुखी राहा’ हा आज्ञार्थ, ‘भले व्हावे’ हा विध्यर्थ, ‘बरे असते तर’ हा संकेतार्थ. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादापासून हळहळीपर्यंतचा सगळा पल्ला या रूपांत आहे.

इथे एक खाचखळगाही आहे. विध्यर्थ नेहमी इच्छाच सांगतो असे नाही. ‘तो घरी असावा’ हा सामान्यतः अंदाज आहे, तर ‘त्याने घरी असावे’ ही इच्छा किंवा अपेक्षा आहे, अंदाज नव्हे. ‘तो’ आणि ‘त्याने’ या रूपांमुळे इथे फरक उघड दिसतो. पण ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची प्रथमा आणि तृतीया दिसायला सारखीच. पत्रात तर संबोधन नेमके त्यांनीच होते. मग भेद सांगायला उरते ते केवळ शेवटचे अक्षर : ‘आपण कुशल असावेत’ यात अंदाजाचा सूर येतो, ‘आपण कुशल असावे’ यात इच्छेचा. म्हणूनच अंदाजासाठी ‘असाल’ आणि इच्छेसाठी ‘आपले कुशल असावे’ लिहिणे अधिक सुरक्षित.

यावर एक आक्षेप हमखास येतो. अभिवादनाला कसला आलाय अर्थ? मालिनोव्स्कीने १९२३ साली दाखवूनच दिले आहे की असले बोलणे माहिती देण्यासाठी नसते, माणसे जोडण्यासाठी असते. मान्य. पण जोडणे म्हणजे काहीही बोलणे नव्हे. उपचाराचे शब्दही समोरच्याला एक जागा देतात, आणि ती जागा कोणती हे क्रियापद ठरवते. रोमन लोक पत्राच्या आरंभी आद्याक्षरांत लिहीत : तू बरा असशील तर उत्तम, मी बरा आहे. तो उपचारच होता. तरीही ‘तर’ने अज्ञान कबूल केले होते आणि ‘मी बरा आहे’ने स्वतःची खबर दिली होती.

आपला जुना उपचार याहून एक पाऊल पुढे होता. पेशवाईतल्या पत्रांत येथील कुशल अमुक तिथीपर्यंत जाणावे आणि स्वकीय कुशल लिहीत जावे, अशा आशयाचा मजकूर सर्रास येतो. कुशलाला तिथी असे, कारण पत्र पोचेपर्यंत ते टिकेलच याची खात्री नसे. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणात किंवा घाटावर जाणाऱ्या गिरणी कामगारांच्या पोस्टकार्डांतही हाच सांगाडा राहिला : इकडील सर्व ठीक, तिकडील कळवावे. यात आशा नाही की इच्छा नाही. यात खबर आहे आणि प्रश्न आहे. ‘कळवावे’ या विध्यर्थाने उत्तराची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकली आणि ते उत्तर वाचण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याने स्वतःवर घेतली.

‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ हे आजचे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याला उत्तर नको असते. माझी आशा मी व्यक्त केली, विषय संपला. दादरच्या चौकातले ‘हार्दिक शुभेच्छा’चे फलक त्याच्याही पुढे गेले; तिथे क्रियापदच गळाले, आणि खाली शुभेच्छुकांची नावे मात्र छायाचित्रांसह उरली. इच्छा कोणाची हे ठळक, काय व्हावे हे गुलदस्त्यात.

तेव्हा शिक्षकांनी ‘विश’वर काट मारण्याआधी मुलाला एवढेच विचारावे : तुला बाईंची प्रकृती माहीत नाही, की त्या बऱ्या व्हाव्यात असे म्हणायचे आहे, की त्या बऱ्या नाहीत याचे दुःख आहे? उत्तर त्याला मराठीत देऊ द्यावे. क्रियापद आपोआप निवडले जाईल आणि इंग्रजी त्याच्यामागून येईल. आणि बाईंची प्रकृती खरोखरच जाणून घ्यायची असेल, तर आशा आणि इच्छा दोन्ही बाजूला ठेवून त्याने लिहावे : कशा आहात ते कळवावे.